शुक्रवारचा नंबर आहे, पण पाय बुधवारीच सुजला

दवाखान्यात फोन करून नंबर लावला, पुढच्या आठवड्यातली वेळ मिळाली, आणि मधल्या चार दिवसांत दुखणे वाढले, असे आपल्या वस्तीत वरचेवर घडते. त्या वेळी घरात जे बोलणे होते तेही ठरलेलेच असते. "शुक्रवारी जायचंच आहे, आता मध्ये कशाला?" एक दिवसाचा रोज बुडतो, गाडीभाडे जाते, आणि रिसेप्शनवरच्या मॅडमना पुन्हा फोन करायचा म्हणजे आपण उगाच घाई करतोय असे वाटते. काही दुखण्यांत हे थांबणे चालून जाते. काहींत मात्र त्या दोन दिवसांत पायाचे बोट जाते, कधी पाऊलही जाते. असल्या वेळी रिसेप्शनला काय लिहून पाठवायचे आणि ते तसेच का लिहायचे, हे आम्ही या वेळी एकाच दुखण्याच्या आधाराने सांगणार आहोत. दुखणे आहे मधुमेही माणसाच्या पायाची जखम.

एक घर डोळ्यासमोर ठेवू. इंदापूर तालुक्यात निमगाव केतकीच्या बाजूची वस्ती. घरातली आई छप्पन्न वर्षांची, नऊ वर्षांपासून साखर आहे. डाळिंबाच्या बागेत खुरपायला जाते. झिजलेल्या चपलेतून तळव्यात काटा गेला, तो तिला कळलाही नाही. संध्याकाळी पाय धुताना अंगठ्याखाली घेवड्याच्या दाण्याएवढी जखम दिसली. मुलाने शनिवारी बारामतीच्या एका खाजगी दवाखान्यात फोन केला. तिथे पायाच्या जखमा बघणारे सर्जन पुण्याहून दर शुक्रवारी येतात. शुक्रवारी सकाळी 11 ची वेळ मिळाली. मॅडमनी वहीत लिहिले, "पायाला जखम." त्या दिवशी तेवढेच खरे होते.

मंगळवारी संध्याकाळी जखमेतून पू आला. बुधवारी सकाळी पाऊल सुजले आणि चप्पल पायात शिरेना. आई मात्र म्हणते, "मला काय दुखत नाही, शुक्रवारपर्यंत निघंल." तिचे हे वाक्य घरच्यांना फसवते. बरीच वर्षे साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. तळव्यात काटा मोडला तरी कळत नाही, आत पू झाला तरी ठणका लागत नाही. म्हणून मधुमेही माणसाचा पाय दुखतो की नाही, यावरून घाई ठरवायची नसते. ती डोळ्यांनी बघून आणि हाताने चाचपून ठरवायची. नसांबरोबर पायातला रक्तपुरवठाही कमी झालेला असू शकतो. मग जंतू लवकर पसरतात आणि जखम भरत नाही. हाडापर्यंत गेली तर उपचार आठवड्यांवरून महिन्यांवर जातो.

तर बुधवारी सकाळी मुलाने पहिला मेसेज असा लिहिला: "नमस्कार मॅडम आईला लई त्रास होतोय खूप अर्जंट आहे प्लीज लवकरचा नंबर द्या." यात खोटे काही नाही. पण मॅडमच्या जागी बसून बघा. समोर पेशंटची रांग, एका हातात फोन, आणि मोबाईलवर सकाळपासून असेच मेसेज आलेले, सगळ्यांत "अर्जंट" हा शब्द. यातला कोणता पाय आहे, कोणाची पाठ आहे, कोणाला फक्त शुक्रवारी लग्नाला जायचे आहे, हे त्यांना कळायला वाव नाही. त्या डॉक्टर नाहीत. दुखणे किती गंभीर हे त्यांनी ठरवावे अशी अपेक्षा करणेही बरोबर नाही. त्यांच्या हातात दोनच गोष्टी असतात, वही आणि डॉक्टरांच्या केबिनचे दार. म्हणून मेसेज असा हवा, की तो त्यांना आहे तसा डॉक्टरांना वाचून दाखवता यावा आणि ऐकून डॉक्टरांना ठरवता यावे.

मेसेज लिहायच्या आधी दहा मिनिटे पाय नीट बघावा लागतो. दाराजवळ उजेडात बसवा, दोन्ही पाय शेजारी ठेवा. आपल्या सावळ्या अंगावर लाली चटकन दिसत नाही, पुस्तकातल्या गोऱ्या पायाच्या चित्रासारखी तर नाहीच. कातडी जांभळट किंवा जास्त काळपट दिसते का, ताणून चकचकीत झाली आहे का, हे पाहा. मग हाताची मागची बाजू आधी चांगल्या पायाला आणि नंतर जखमेच्या पायाला लावा. दुखरा पाय गरम लागला तर ती गरमी कुठवर गेली आहे ते चाचपत जा. जिथे ती संपते तिथे साध्या बॉलपेनने रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा. आमच्या उदाहरणातल्या मुलाने मंगळवारी रात्री नऊ वाजता अशी रेघ ओढली होती. बुधवारी सकाळी सात वाजता सूज आणि लाली त्या रेघेच्या दोन बोटे पुढे गेली होती.

या दोन बोटांना अर्थ आहे. मधुमेही पायाच्या जखमेत जंतू किती पसरलेत हे ठरवताना डॉक्टर जखमेभोवतीची लाली 2 सेंटीमीटरच्या पलीकडे गेली आहे का, हे पाहतात. आत असेल तर सौम्य, पलीकडे गेली तर त्यापुढची पायरी. एक बोट साधारण दीड ते दोन सेंटीमीटर रुंद असते. म्हणजे घरातल्या कोणालाही पट्टी नसताना बोटांनी मोजता येते. "पाय लालेलाल झालाय" यापेक्षा "रात्रीच्या रेघेपुढे दोन बोटे" हे वाक्य डॉक्टरांना कितीतरी जास्त सांगते, कारण त्यात किती आणि किती वेळात, दोन्ही आले.

ताप काट्याने किंवा डिजिटल थर्मामीटरने मोजा, आणि तापाची गोळी घेतली असेल तर कधी, हे लक्षात ठेवा. गोळीने ताप काही तास दबतो, त्यामुळे गोळी घेतल्यावरचे 99 आणि गोळी न घेता आलेले 99 सारखे नव्हेत. साखर तपासायचे मशीन शेजारी कोणाकडे असेल तर नवीन पट्टी आणि नवीन सुई लावून सकाळची उपाशीपोटीची साखर बघा. दुसऱ्याची वापरलेली सुई घेऊ नका. मशीन नसेल तर अडून राहू नका, साखरेच्या आकड्याशिवायही मेसेज पाठवता येतो.

आता मुलाने नंतर पाठवलेला मेसेज:

"नमस्कार मॅडम. पेशंटचे नाव (वहीत आहे तसे), वय 56. शुक्रवारी सकाळी 11 ची वेळ आहे. शनिवारी याच मोबाईलवरून नंबर लावला होता.
नंबर लावल्यानंतर त्रास वाढला आहे. शनिवारी उजव्या तळव्याला लहान जखम होती, सूज नव्हती, पू नव्हता. काल संध्याकाळपासून पू येतो. काल रात्री 9 ला पेनाने रेघ ओढली होती, आज सकाळी 7 ला लाली रेघेपुढे दोन बोटे गेली. पाऊल सुजले, चप्पल बसत नाही. दुखत नाही, पण पाय आधीपासून बधिर आहे.
9 वर्षांपासून मधुमेह. आज उपाशीपोटी साखर 310. ताप 99, तापाची गोळी घेतलेली नाही.
आज किंवा उद्या सकाळी दाखवता येईल का? सर आज नसतील तर हा मेसेज त्यांना फोनवर वाचून दाखवा, किंवा दवाखान्यातल्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. थांबू नका, हॉस्पिटलला जा, असे ते म्हणत असतील तर तसे कळवा.
आम्ही निमगाव केतकीहून निरोप आल्यावर दीड तासात पोहोचतो. मी मुलगा, मोबाईल हाच."

हा मेसेज लांब वाटेल, पण वाचायला एक मिनिट लागत नाही. यातल्या काही जागा आम्ही मुद्दाम उलगडून सांगतो.

"वहीत आहे तसे" नाव लिहायला सांगितले, कारण आपल्याकडे हीच गोष्ट जास्तीत जास्त अडते. आईचे नाव आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरे, हाक मारायचे तिसरे, आणि नंबर लावला पुतण्याच्या मोबाईलवरून. मॅडमना वहीत नाव सापडलेच नाही तर त्या मेसेज बाजूला ठेवतात. म्हणून नंबर लावताना जे नाव सांगितले तेच लिहायचे आणि कोणत्या मोबाईलवरून लावला तेही सांगायचे. नाव, आडनाव, वस्ती लिहिताना कोणी संकोच धरू नये. सुरुवातीला "नमस्कार" लिहा की "जय भीम" लिहा, आपल्या सवयीप्रमाणे. मात्र विनवणीत ओळी घालवू नका. "तुमच्या पाया पडतो" या शब्दांतून डॉक्टरांना पायाबद्दल काहीच कळत नाही.

मेसेजचा कणा आहे "शनिवारी असे होते, आज असे आहे" ही जोडी. वेळ देताना मॅडमनी शनिवारच्या माहितीवर वेळ दिली होती आणि ती चूक नव्हती. आपण त्यांना सांगतोय की ती माहिती आता जुनी झाली. फक्त आजचे लिहिले तर वाचणाऱ्याला वाटते, हे तर शनिवारीही असेलच, तेव्हा चालले ना शुक्रवार! आधी नव्हते आणि आता आहे, असे एकाखाली एक दिसले की वेळ बदलायचे कारण मेसेजमध्येच मिळते.

"दुखत नाही" हेही मुलाने लिहिले. आमच्या मते ही या मेसेजमधली सर्वात शहाणी ओळ. काही जण घाई दाखवायला "असह्य वेदना" लिहून टाकतात. मग आई दवाखान्यात चालत येते, दुखत नाही म्हणते, आणि घरच्यांच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास जातो. ताप 99 असताना 103 लिहिला तर डॉक्टर तुम्हाला दवाखान्यात न बोलावता सरळ ॲडमिट व्हायला सांगतील, आणि उपचाराची दिशाच चुकेल. लपवणेही तसेच. जखमेवर हळद, चुना, तंबाखू, झाडपाल्याचा लेप, काही लावले असेल तर सांगा. रागावतील तर रागावू देत, पण त्यांना जखम धुण्याआधी ते माहीत असावे लागते.

आणि शेवटची मागणी. बरेच जण फक्त "लवकरची वेळ द्या" म्हणतात. इथे डॉक्टरच शुक्रवारी येतात, मग बुधवारची वेळ मॅडम कुठून देणार? त्या प्रामाणिकपणे "वेळ नाही" म्हणतील आणि गोष्ट तिथेच संपेल. म्हणून मेसेजमध्ये तीन वाटा दिल्या: त्या डॉक्टरांना फोनवर विचारा, इथल्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, नाहीतर हॉस्पिटलला जायचे का ते सांगा. बारामती, इंदापूरसारख्या ठिकाणी बाहेरून ठराविक वारी येणाऱ्या डॉक्टरांचे दवाखाने बरेच आहेत, तिथे ही ओळ हवीच. किती वेळात पोहोचू हे लिहिले की मधे कोणाचा नंबर रद्द झाला तर मॅडम लगेच बोलावू शकतात.

फोटो पाठवायचा तर दोन पुरेत. एक दोन्ही पावलांचा शेजारी शेजारी, म्हणजे सूज कळते. दुसरा जखमेचा जवळून, शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून, म्हणजे आकार कळतो. पेनाची रेघ दिसली पाहिजे. पिवळ्या दिव्याखाली काढू नका, दारातल्या उजेडात काढा. फोटो दवाखान्याच्या नंबरवरच पाठवा, वस्तीच्या ग्रुपवर नको. फोटोवरून औषध मागू नका. तो फक्त घाई कळावी म्हणून आहे.

मेसेज पाठवून हातावर हात ठेवून बसायचे नाही. कित्येक दवाखान्यांचा व्हॉट्सॲप नंबर रिपोर्ट पाठवण्यापुरता असतो, तो दिवसा कोणी बघतही नाही. अर्ध्या तासात उत्तर नाही आले तर फोन लावा आणि तोच मेसेज वाचून दाखवा. फोनवर घाबरून आपण निम्मे विसरतो, लिहिलेले समोर असले की विसरत नाही. "शुक्रवारीच या" असे उत्तर आले तर भांडू नका, एवढेच विचारा: "मॅडम, हे डॉक्टरांना विचारून सांगताय का?" विचारले नसेल तर बहुतेक जण "थांबा, विचारते" म्हणतात. कोण बोलले आणि किती वाजता, हे कागदावर टिपून ठेवा. शुक्रवारचा नंबर मात्र रद्द करू नका, दुसरीकडे दाखवून होईपर्यंत तो हाताशी राहू द्या.

थांबायची हद्दही आधीच ठरवा. असा पाय, म्हणजे साखर आहे, पू आहे, लाली पुढे सरकतेय, चोवीस तासांच्या आत डॉक्टरांच्या डोळ्यांखाली गेला पाहिजे. या घराने ठरवले होते की दुपारी बारापर्यंत पक्के उत्तर आले नाही तर वाट बघायची नाही, बारामतीचे सिल्व्हर ज्युबिली किंवा इंदापूरचे उपजिल्हा रुग्णालय गाठायचे. ओपीडीची वेळ संपली असली तर अपघात विभागात जाऊन हाच मेसेज दाखवायचा. सरकारी दवाखान्यात गेलो म्हणजे खाजगी डॉक्टर रागावतील अशी भीती काहींना वाटते. ती मनातून काढून टाका. तिथला केस पेपर जपून ठेवा आणि शुक्रवारी यांना दाखवा.

काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यावर मेसेज लिहितच बसायचे नाही. ताप 100.4 किंवा त्याहून वर, हुडहुडी भरणे, बोट काळे-निळे पडणे, जखमेला घाण वास, कातडीवर फोड, लाली घोट्याच्या वर चढणे, माणूस गुंगीत जाणे किंवा असंबद्ध बोलणे, उलट्या होऊन धाप लागणे. यातली एक जरी दिसली तर सरळ रुग्णालय, गाडी नसेल तर 108. ही रुग्णवाहिका फुकट आहे आणि रात्रीही येते. फोनवर वस्तीचे नाव सांगून भागत नाही. जवळचा फाटा, शाळा, विहार यातली एखादी खूण सांगा आणि एका पोराला रस्त्यावर उभे करा. छातीत दुखणे, दम लागणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, गरोदर बाईला रक्त जाणे, यांनाही नंबर लागू नाही. अशा वेळी "लवकरची वेळ" मागणेच चुकीचे ठरते.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत पायाचे काय करायचे? स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडे करा, मेडिकलमधून आणलेला स्वच्छ गॉज सैल बांधा. त्या पायावर चालू नका. अगदी शौचाला जातानाही आधार घ्या, कारण तळव्यावर वजन पडले की आतला पू आणखी आत दाबला जातो. गरम पाण्यात पाय बुडवू नका. बधिर पायाला चटका कळत नाही, आणि या एका सवयीने भाजून आलेले पाय डॉक्टरांना नेहमी बघावे लागतात. ब्लेडने कातडी कापू नका, काटा सुईने उकरू नका. घरात मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या असतील तर त्या देऊ नका. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन मात्र मनाने बंद करू नका.

आमच्या उदाहरणात पुढे असे घडले असे समजा: मॅडमनी मेसेज पुण्याच्या सरांना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी दवाखान्यातल्याच दुसऱ्या डॉक्टरांना पाय बघायला सांगितले. दुपारी एक वाजता आई टेबलावर होती. सोबत पिशवीत औषधांच्या सगळ्या पट्ट्या, जुने साखरेचे रिपोर्ट, आधार आणि रेशनकार्ड. ॲडमिट करावे लागले तर योजनेसाठी ही शेवटची दोन कागदपत्रे लागतात आणि ती नेमकी घरी राहतात. डॉक्टरांनी रेघ पाहिली, पायाच्या नाडीवर बोट ठेवले, हाडाला लागले नाही ना म्हणून एक्स-रे काढला, मग जखम उघडून पू काढला. तळाशी डाळिंबाच्या काट्याचे टोक निघाले. डाळिंबाचा काटा एक्स-रेत बहुधा दिसत नाही, म्हणून "काटा लागला असेल" हेही घरच्यांनी आठवून सांगायला हवे.

ड्रेसिंग झाले, दोन दिवसांनी, शुक्रवारीच, सरांना दाखवायला बोलावले. तेव्हा 11 चा नंबर तसाच कामी आला. समजा शुक्रवारी यायची गरज नाही असे सांगितले असते, तर त्याच संध्याकाळी आणखी एक मेसेज करायचा: "मॅडम, आईला आज दाखवले आहे. शुक्रवारचा 11 चा नंबर रद्द करा, दुसऱ्या पेशंटला द्या." तो नंबर कोणाला तरी हवा असतो, कदाचित त्याच सकाळी आपल्यासारखाच मेसेज करून बसलेल्या कोणाला तरी.